वजाबाकी करून थांबलेली मुलगी: सांकेतिक भाषेच्या सहा प्रश्नांचं प्रकरण

बुद्धिमत्ता चाचणीच्या एका सराव पेपरात सांकेतिक भाषेचे सहा प्रश्न होते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीचे त्यातले दोन बरोबर आले, दोन चुकले आणि दोन तिने सोडून दिले. तिच्या म्हणण्याप्रमाणे सोडलेल्या दोघांतल्या एकाने तिची चार मिनिटं खाल्ली होती. 'सर, मला नियम सुचतच नाही,' असं ती म्हणाली. मी तिच्याकडे उत्तरपत्रिका मागितली नाही, रफ कामाचा कागद मागितला. कोणता विद्यार्थी कुठे अडतो हे तिथे जास्त स्पष्ट दिसतं.

कागद व्यवस्थित होता. वरच्या बाजूला A ते Z आणि खाली 1 ते 26 लिहिलेले होते. त्यापुढे जवळजवळ प्रत्येक प्रश्नात तिने एकच गोष्ट केली होती: मूळ शब्दाच्या अक्षराखाली संकेताचं अक्षर मांडून दोन क्रमांकांची वजाबाकी. वजाबाकीत ती चुकत नव्हती. बरोबर आलेले दोन्ही प्रश्न असे होते की तिथे वजाबाकी पुरेशी होती. एकात सगळी अक्षरं तीन घरं पुढे गेली होती, दुसऱ्यात पहिलं एक, दुसरं दोन, तिसरं तीन असं सरकत होतं. सोडून दिलेल्या दोन प्रश्नांत वजाबाकीचे आकडे विस्कळीत आले आणि तिथे तिचं काम थांबलं.

म्हणजे नियम न सुचणं ही अडचण नव्हतीच. तिच्या हातात एकच हत्यार होतं आणि ते न चाललं की ती मनातल्या मनात अंदाज बांधायला लागायची. चार मिनिटं त्यातच गेली.

आधी HOUSE चा प्रश्न घेतो, तो तिने सोडला होता. HOUSE चा संकेत TMGIW असेल तर MUSIC चा काय? तिच्या कागदावर हे होतं:

```
H  O  U  S  E
8  15 21 19 5
T  M  G  I  W
20 13 7  9  23
फरक: +12 -2 -14 -10 +18
```

या फरकांकडे कितीही वेळ पाहिलं तरी काही दिसत नाही. मी तिला म्हटलं, 'वजा केलंस, आता बेरीज कर.' 8 आणि 20 यांचे 28. 15 आणि 13 यांचेही 28. पुढे 21 आणि 7, 19 आणि 9, 5 आणि 23, सगळीकडे 28. तिने पेन खाली ठेवलं.

यामागचं कारण सोपं आहे, पण ते एकदा नीट समजून घ्यावं लागतं. अक्षर काही घरं पुढे-मागे सरकतं तेव्हा मूळ क्रमांक आणि नवा क्रमांक यांतला फरक कायम राहतो. उलट्या वर्णमालेत मात्र A चं Z होतं, B चं Y, C चं X. एक क्रमांक जितका वाढतो तितकाच दुसरा कमी होतो, त्यामुळे फरक सारखा बदलत राहतो, पण बेरीज हलत नाही. A चा 1 आणि Z चा 26 मिळून 27, B चा 2 आणि Y चा 25 मिळून पुन्हा 27. म्हणून कुठल्याही अक्षराचं उलटं अक्षर हवं असेल तर त्याचा क्रमांक 27 मधून वजा करायचा. अक्षरं 26 आहेत म्हणून घाईत 26 मधून वजा करणारे बरेच जण भेटतात. तसं केलं की A चं उत्तर Y येतं आणि पुढचं सगळं एकेक घर चुकत जातं.

(ही युक्ती फार जुनी आहे. हिब्रू लिपीत पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचं, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरं असं लिहिण्याच्या पद्धतीला अतबाश म्हणतात. आलेफ-ताव, बेत-शीन या जोड्या त्या नावातच आहेत. तीन-तीन घरं पुढे सरकवण्याची पद्धत रोमच्या ज्युलियस सीझरच्या नावाने ओळखली जाते. परीक्षेतले बहुतेक प्रश्न म्हणजे या दोघांची पिल्लं.)

इथे बेरीज 27 नव्हती, 28 होती. याचा अर्थ अक्षर आधी उलटं केलं आणि मग एक घर पुढे नेलं. H चं उलटं S, त्यापुढचं T. आता MUSIC साठी प्रत्येक क्रमांक 28 मधून वजा करायचा: 13 चे 15, 21 चे 7, 19 चे 9, 9 चे 19, 3 चे 25. उत्तर OGISY. संकेत करताना आधी उलटं मग पुढे, असा दोन पायऱ्यांचा विचार करायचीही गरज पडली नाही. शब्दात A असता तर 28 मधून 1 जाऊन 27 उरले असते. वर्णमालेत 27वं अक्षर नाही, म्हणून 26 वजा करून पुन्हा A वर यायचं. A चा संकेत A आलेला पाहून पुष्कळ जण गडबडतात, पण तो बरोबर असतो.

पर्यायांत MEGQW हेही होतं. तो सापळा होता. आधी एक घर पुढे जाऊन मग उलटं केलं की बेरीज 26 येते आणि हे उत्तर मिळतं. उलटं करणं आणि पुढे सरकणं यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. प्रश्न बेतणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. बेरीज 28 की 26 एवढं पाहिलं तर क्रम आपोआप ठरतो.

चार मिनिटं खाणारा प्रश्न हा होता: PLANET चा संकेत VGPCNR, तर FOREST चा काय?

```
P  L  A  N  E  T
16 12 1  14 5  20
V  G  P  C  N  R
22 7  16 3  14 18
फरक: +6 -5 +15 -11 +9 -2
```

फरक विस्कळीत आहेत. बेरीजही 38, 19, 17 अशी भरकटते. मग उरतं काय? मी तिला म्हटलं, 'हे सहा फरक तूच लिहिलेस. पहिला आणि शेवटचा मिळव.' +6 आणि -2 यांचे 4. दुसरा आणि शेवटून दुसरा, -5 आणि +9, यांचेही 4. मधले दोघे, +15 आणि -11, पुन्हा 4. उत्तर तिच्याच कागदावर चार मिनिटं पडून होतं.

असं का होतं? शब्द आधी उलटा लिहिला, TENALP, आणि मग प्रत्येक अक्षर दोन घरं पुढे नेलं. त्यामुळे P च्या खाली T वरून आलेलं V बसलं आणि T च्या खाली P वरून आलेलं R. पहिल्या फरकात T आणि P मधलं अंतर अधिक दोन आहे, शेवटच्या फरकात तेच अंतर उलट्या चिन्हाने आणि पुन्हा अधिक दोन. दोन्ही मिळवले की अंतर खोडलं जातं आणि दोनाची दुप्पट उरते. म्हणून टोकांच्या जोड्यांची बेरीज सगळीकडे सारखी आली, तर शब्द उलटा केलेला आहे असं धरून चालायचं आणि त्या बेरजेच्या निम्मी घरं सरकायची. FOREST उलटा TSEROF, दोन घरं पुढे VUGTQH. इथे मात्र क्रमाने काही फरक पडत नाही. आधी दोन घरं पुढे नेऊन मग शब्द उलटा केला तरी तेच येतं.

शब्दात अक्षरं विषम असतील तर काम आणखी सोपं होतं. शब्द उलटा केला तरी मधलं अक्षर जागचं हलत नाही, त्यामुळे त्याचा फरक सरळ सरकण्याची घरं सांगतो. याच नियमाने STYLE चा संकेत GNAVU. मधल्या Y खाली A आहे, म्हणजे 25 खाली 1. फरक -24 दिसतो, पण Z ओलांडून आल्यामुळे त्यात 26 मिळवायचे, मग तो +2 होतो. वर्णमाला गोल आहे हे वाचलेलं सगळ्यांना असतं. पण रफ कामात -24 दिसला की हात थांबतो. फरक खूप मोठा वाटला तर त्यात 26 मिळवून किंवा वजा करून पाहायची सवय लावावी लागते.

अक्षरं कशीही उलटीपालटी केलेली असोत, एक पडताळा कायम चालतो: सगळ्या क्रमांकांची एकूण बेरीज. PLANET ची बेरीज 68, VGPCNR ची 80. फरक 12, अक्षरं सहा, म्हणजे प्रत्येकी दोन. कोणतं अक्षर कुठे गेलं हे कळण्याआधीच किती घरं सरकलं ते कळतं. एखादं अक्षर Z ओलांडून गेलं असेल तर एकूण फरकात 26 कमी पडतात, एवढं ध्यानात ठेवायचं. पण हा पडताळा मी दरवेळी करायला सांगत नाही. बेरजांना वेळ लागतो. टोकांच्या जोड्याही जुळल्या नाहीत तरच तिकडे वळायचं. उदाहरणार्थ, शब्दाचे दोन अर्धे करून प्रत्येक अर्धा वेगळा उलटवलेला असेल तर टोकं जुळत नाहीत, पण एकूण बेरीज तरीही खरं सांगते.

तिसरा प्रश्न चुकलेल्यांपैकी, आकड्यांचा. DESK म्हणजे 69 आणि LAMP म्हणजे 66, तर CLOUD म्हणजे किती? तिने DESK च्या अक्षरांचे क्रमांक मिळवले, 39 आले. LAMP चे 42. इथपर्यंत ठीक. मग पुन्हा वजाबाकी: 30 आणि 24. नियम जमेना, म्हणून तिने यावेळी स्वतःहून बेरीज केली. 39 आणि 69 यांचे 108, 42 आणि 66 यांचेही 108. CLOUD ची बेरीज 55, म्हणून 108 मधून 55 वजा करून 53 लिहिलं. पर्यायांत 53 होताच, आणि उत्तर चुकलं.

ही चूक मला या कागदातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वाटली, कारण ती योग्य रस्त्यावरची चूक आहे. 108 हा आकडा आला कुठून हे तिने विचारलं नाही. इथे प्रत्येक अक्षराला उलट्या वर्णमालेतला क्रमांक दिलेला आहे, A ला 26 पासून Z ला 1 पर्यंत. एका अक्षराचे सुलटे आणि उलटे क्रमांक मिळून 27, म्हणून चार अक्षरांचे 108. CLOUD मध्ये अक्षरं पाच आहेत. तिथे 135 मधून 55 वजा करायचे, उत्तर 80. उदाहरणातले दोन्ही शब्द चार अक्षरांचे आणि विचारलेला पाच अक्षरांचा, ही मांडणी योगायोगाने होत नाही. अक्षरांची संख्या बदललेली दिसली की उत्तर लिहिण्याआधी थांबायचं.

आकड्यांच्या प्रश्नात आणखीही प्रकार येतात. बेरजेला अक्षरांच्या संख्येने गुणलेलं असतं, क्रमांकांचे वर्ग घेतलेले असतात, स्वरांना वेगळी किंमत दिलेली असते. सगळे इथे उकलत बसत नाही. साधी बेरीज आणि उलटी बेरीज हे दोन आकडे आधी लिहून ठेवले, तर बहुतेक वेळा दिलेला आकडा त्यांच्यापैकी एकाच्या आसपास किंवा पटीत सापडतो.

एवढं झाल्यावर मी तिला एक मुद्दाम बेतलेला प्रश्न दिला. WIZARD चा संकेत DRAZIW, तर MASTER चा काय? तिने दहा सेकंदांत RETSAM लिहिलं. शब्द उलटा केलाय, यात काय अवघड? मी विचारलं, 'बेरीज करून पाहिलीस?' तिने केली. W 23 आणि D 4, 27. I 9 आणि R 18, 27. Z आणि A, 27. पुढच्या तीन जोड्याही तशाच. WIZARD हा शब्द असा आहे की वर्णमाला उलटी करून लिहिला तरी DRAZIW च येतो. त्या नियमाने MASTER चा संकेत NZHGVI होतो. दोन्ही उत्तरं उदाहरणाला तंतोतंत जुळतात. स्थानमूल्यांची बेरीजही सुलटी 81 आणि उलटी 81. 'मग बरोबर कोणतं?' तिने विचारलं. कोणतंच ठरत नाही. एका उदाहरणावर हा प्रश्न सुटत नाही.

असा अख्खा शब्द क्वचितच भेटेल, पण एकेका अक्षराच्या बाबतीत हे रोज घडतं. L चं O झालेलं दिसलं की विद्यार्थी 'तीन घरं पुढे' म्हणून धावतात. L आणि O ही उलट्या वर्णमालेतलीही जोडी आहे, 12 आणि 15. M चं N हे एक घर पुढेही आहे आणि उलटंही. G चं T म्हणजे 13 घरं पुढे, 13 घरं मागे आणि उलटं, तिन्ही. LIGHT चा संकेत ORTSG असेल तर पहिलं अक्षर पाहून ठरवलेला नियम दुसऱ्याच अक्षरावर, I चं R होतं तिथे, कोसळतो. निदान तीन अक्षरं तपासल्याशिवाय नियम लिहू नये, आणि त्यात वर्णमालेच्या मधलं किंवा टोकाचं नसलेलं एखादं अक्षर असावं. E, W अशांच्या बाबतीत सरकणं आणि उलटं होणं यांत गोंधळ होण्याची शक्यता कमी असते.

WIZARD मुळे चौथा प्रश्न समजावणं सोपं गेलं. तो चुकल्याचं तिला वाईट वाटत होतं आणि खरं सांगायचं तर तिचा फारसा दोष नव्हता. MOTEL चा संकेत LPSFK, तर TRAIN चा काय? तिच्या कागदावर फरक लिहिलेले होते: -1, +1, -1, +1, -1. विषम जागेवरचं अक्षर एक मागे, सम जागेवरचं एक पुढे. त्यानुसार तिने SSZJM निवडलं. उत्तरसूचीत SQBJM होतं. सूचीचा नियम असा की स्वर एक पुढे आणि व्यंजन एक मागे. MOTEL मध्ये O आणि E नेमके दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर आहेत, म्हणून दोन्ही नियम तिथे सारखेच चालतात. पर्यायांतही दोन्ही उत्तरं होती. मी हा प्रश्न सदोष समजतो. दुसरं उदाहरण दिलं असतं किंवा तिचं उत्तर पर्यायांत ठेवलं नसतं तर तो निकोप झाला असता.

परीक्षेत असं समोर आलं तर? पर्यायांत एकच उत्तर असेल तर प्रश्न मिटला. दोन्ही असतील तर मी विचारलेल्या शब्दाकडे पाहतो. TRAIN मध्ये A आणि I शेजारी-शेजारी आहेत. स्वरांचा नियम डोक्यात असणारा माणूस असा शब्द निवडण्याची शक्यता जरा जास्त, असं मला वाटतं. पण तो अंदाजच आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात असतील तर अशा प्रश्नावर किती वेळ घालवायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

तिच्या कागदाची पद्धत आम्ही फक्त थोडीशी बदलली. फरकांची ओळ तशीच राहिली. तिच्याखाली बेरजेची ओळ आली. दोन्ही विस्कळीत आल्या तर फरकांच्या टोकांच्या जोड्या मिळवायच्या. A ते Z ची पट्टी तिने लिहिणं बंद केलं, कारण प्रत्येक पाचवं अक्षर पाठ असलं की पुरतं: E, J, O, T, Y म्हणजे 5, 10, 15, 20, 25. बाकीची अक्षरं त्यांच्यापासून दोन घरांच्या आत असतात, अपवाद फक्त A आणि B. ते तर कुणालाच मोजावे लागत नाहीत.

दोन आठवड्यांनी तिने दुसरा सराव पेपर आणला. त्यात STONE चा संकेत RSPMF असा प्रश्न होता. कागदावर फरक होते -1, -1, +1, -1, +1. पहिल्या दोन -1 खाली तिने रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'जागा नाही, स्वर.' O आणि E तिसऱ्या आणि पाचव्या जागेवर होते, त्यामुळे सम-विषम जागांचा नियम तिथे बसूच शकत नव्हता. हा प्रश्न नीट बेतलेला होता.